अर्धवर्तुळातला सर्वांत मोठा आयत: तिरका ठेवला तर?

मधली_सुट्टी

लेक बारावीला आहे. काल तिच्या गाईडमध्ये हे गणित आलं: r त्रिज्येच्या अर्धवर्तुळात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या आयताची मापं काढा. उत्तर दिलंय लांबी r√2, उंची r/√2 आणि क्षेत्रफळ r². ते उत्तर आम्हा दोघींनाही आलं. केंद्र O, आयताची एक बाजू व्यासावर, O पासून दोन्हीकडे x इतकी लांबी आणि उंची y. वरचा कोपरा कंसावर आहे म्हणून x² + y² = r², आणि क्षेत्रफळ

A = 2xy = 2x√(r² − x²)

वर्गमुळाचा डेरिव्हेटिव्ह घेत बसण्यापेक्षा आम्ही A² घेतला (A धन आहे, तेव्हा A² मोठा तिथेच A मोठा). A² = 4r²x² − 4x⁴. डेरिव्हेटिव्ह 8r²x − 16x³ शून्य केला की x² = r²/2. इथवर सगळं ठीक.

मग लेकीने विचारलं, "आयताची बाजू व्यासावरच ठेवायची हे कोणी सांगितलं?" गणितात तसं कुठेच लिहिलेलं नाही. गाईडमधल्या आकृतीत बाजू व्यासावर आहे, आणि सोडवताना पहिल्याच ओळीत ते गृहीत धरलंय. मी म्हटलं, आडवाच मोठा असणार, दिसतंच आहे. त्यावर ती म्हणाली, "दिसतंय म्हणजे काय? तिरका ठेवून बघितलास का?" आता मलाच झोप नाही. तिरका आयत खरंच मोठा येणार नाही, याचं बारावीच्या मुलीला पटेल असं कारण कोणी देईल का?

गुणाकार

तिरक्याचं नंतर बघू. आधी एवढंच, की आडव्यासाठी डेरिव्हेटिव्हची गरजच नाही. (x − y)² कधीच ऋण नसतो, म्हणून 2xy ≤ x² + y². उजवीकडे r² आहे आणि डावीकडे आपलं क्षेत्रफळच बसलंय. म्हणजे क्षेत्रफळ r² च्या वर जाऊच शकत नाही, आणि x = y असेल तेव्हाच बरोबर r² होतं. दोन ओळींत संपलं. शिवाय हा बिंदू कमालचा की किमानचा हे तपासायला दुसरा डेरिव्हेटिव्हही नको.

पेरू_विळा

x = y आला म्हणजे चौरसच झाला की! गाईडमध्ये छपाईची चूक दिसतेय. सर्वांत मोठा आयत नेहमी चौरसच असतो, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलोय.

गुणाकार

पेरूभाऊ, x ही अर्धी लांबी आहे. पूर्ण लांबी 2x. त्यामुळे x = y म्हणजे लांबी उंचीच्या दुप्पट. पेपरात मार्क जातात ते नेमके इथेच: x = r/√2 काढतात आणि तीच लांबी म्हणून लिहून मोकळे होतात.

आणि तुम्ही म्हणता तो चौरस घेऊन बघा ना. बाजू s, अर्धी बाजू s/2, तर s²/4 + s² = r². म्हणजे s² = 4r²/5. चौरसाचं क्षेत्रफळ 0.8r² आलं, r² पेक्षा वीस टक्क्यांनी कमी.

पेरू_विळा

परिमिती ठरलेली असली की चौरस मोठा, हे तर खरं ना? आणि पूर्ण वर्तुळातही चौरसच मोठा. मग अर्ध्या वर्तुळात अर्धा चौरस. r√2 बाजूचा चौरस मधोमध कापला की r√2 आणि r/√2. म्हणजे माझं उत्तर बरोबरच आहे, फक्त अर्धं.

गुणाकार

हे मात्र मस्त सांगितलंत. व्यासावर आरसा ठेवला असं समजा. आडव्या आयताचं प्रतिबिंब खाली पडतं आणि दोन्ही मिळून पूर्ण वर्तुळात दुप्पट क्षेत्रफळाचा एकच आयत होतो. पूर्ण वर्तुळात चौरसाला कोणी हरवत नाही, म्हणून वरचा भाग म्हणजे अर्धा चौरस. मधली_सुट्टी, लेकीला हे दाखवा, डेरिव्हेटिव्हपेक्षा लवकर पटेल.

मधली_सुट्टी

दाखवलं. तिला आवडलं, पण लगेच म्हणाली की तिरक्या आयताचं प्रतिबिंब जोडलं तर आयत होत नाही, काहीतरी भलताच आकार होतो. मग हा पुरावा तिरक्याला कसा लागू पडणार?

खिडकीतून

माझ्या मते हे उत्तर अपुरं आहे, परिमिती दिल्याशिवाय मापं येणारच नाहीत. आमच्या वेळी हे असंच होतं: खाली आयत, वर अर्धगोल कमान, एकूण चौकट P लांबीची, जास्तीत जास्त उजेड यायला हवा. उत्तर कमानीची त्रिज्या P/(π + 4) आणि आयताची उंची त्रिज्येइतकी.

गुणाकार

ते गणित वेगळं, काका. तुमच्यात अर्धवर्तुळ आयताच्या डोक्यावर आहे, इथे आयत अर्धवर्तुळाच्या पोटात आहे. गंमत अशी की तुमच्याही खिडकीत आयताची रुंदी उंचीच्या दुप्पटच येते, त्यामुळे दोन्ही गणितं एकच वाटतात.

खिडकीतून

अस्सं होय. तरी म्हटलं दोनास एक ओळखीचं का वाटतंय.

काटकोन

लेकीची शंका रास्त आहे, आणि आरशाच्या युक्तीवरचा तिचा आक्षेपही. तिरका आयत आणि त्याचं प्रतिबिंब मिळून आयत होत नाही, म्हणून 'वर्तुळात चौरस मोठा' हे तिथे कामाला येत नाही. दुसरा रस्ता हवा.

आधी प्रश्न नक्की करू, कारण इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत. पहिला असा, की आयताचे चारही कोपरे अर्धवर्तुळाच्या कडेवर, म्हणजे कंसावर किंवा व्यासावर, असायला हवेत. पुस्तकात 'अंतर्लिखित' लिहिलेलं असतं तेव्हा हाच अर्थ असतो. या अर्थाने तिरका आयत शक्यच नाही, आणि ते दहावीच्या भूमितीत सिद्ध होतं.

समजा तीन कोपरे कंसावर आहेत. मधल्या कोपऱ्यात काटकोन आहे, म्हणून त्याच्या समोरची रेघ, म्हणजे आयताचा कर्ण, वर्तुळाचा व्यास असायला हवा. पण आपल्याकडे कंस अर्धाच आहे. त्यावर समोरासमोरचे बिंदू दोनच, सरळ कडेची दोन टोकं. मग कर्ण सरळ कडेवरच आला आणि चौथा कोपरा कडेच्या खाली, अर्धवर्तुळाबाहेर गेला. म्हणून कंसावर जास्तीत जास्त दोन कोपरे, आणि उरलेले किमान दोन व्यासावर. व्यासावरचे दोन समोरासमोरचे असतील तर पुन्हा कर्ण व्यासावर आणि एक कोपरा बाहेर. म्हणून ते शेजारचेच, म्हणजे आयताची एक पूर्ण बाजू व्यासावर. गाईडने पहिल्या ओळीत जे गृहीत धरलं ते या अर्थाने बरोबर आहे, फक्त कारण दिलं नाही.

दुसरा प्रश्न लेकीचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं: कोपरे कडेला टेको न टेको, आत मावणारा कुठलाही आयत चालेल, तिरका, तरंगता, कसाही. त्याबद्दल जेवून लिहितो.

सुतारपक्षी

जेवण होईस्तोवर माझं घुसवतो, कारण मला उद्या कापायचंय. एका गोल टेबलाचा १२० सेंमी व्यासाचा १८ मिमी प्लायचा वरचा भाग मधोमध कापून निघालाय, अर्धा माझ्याकडे आला. त्यातून एक फळी काढायची. तुमच्या हिशेबाने त्रिज्या ६०, म्हणजे ८४.८५ बाय ४२.४३ सेंमी. पण मला फळी ९० सेंमी लांब हवी आहे, खण तेवढा आहे. मग मोठा आयत सोडून दिला तर किती नुकसान? आणि सरळ कड एका बाजूने फुटली होती म्हणून आधीच्या माणसाने ती थोडी खरवडून सरळ केलीय. किती काढली ते सांगता येत नाही म्हणाला. टेप लावला तर सरळ कड १२० च भरतेय.

गुणाकार

९० लांबी म्हणजे x = ४५. उंची √(३६०० − २०२५) = √१५७५, साधारण ३९.६९ सेंमी. क्षेत्रफळ ३५७२ चौसेंमी, आणि सर्वांत मोठं ३६००. नुकसान एक टक्काही नाही. लांबी पाच सेंमी वाढवलीत तरी फारसं काही गेलं नाही, कारण कमाल बिंदूजवळ आलेख जवळपास सपाट असतो. खुशाल ९० घ्या. करवतीच्या पात्याची जाडी तेवढी धरा, कापात दोन-तीन मिमी जातात.

काटकोन

सुतारपक्षी, सरळ कड १२० भरली म्हणजे तुकडा पूर्ण अर्धा आहे असं नाही. व्यासाजवळ वर्तुळाची कड सरळ कडेला जवळजवळ काटकोनात उभी असते, म्हणून तिथे दोन सेंमी काढले तरी लांबी कमी होत नाही म्हटलं तरी चालेल. हिशेब करा: केंद्रापासून २ सेंमी वर कापलं तर अर्धी लांबी √(३६०० − ४) = ५९.९७. पूर्ण लांबीत एक मिमीही फरक पडला नाही, टेपवर दिसणारच नाही.

त्याऐवजी सरळ कडेच्या मध्यावर गुण्या लावून उभी रेघ मारा आणि कंसापर्यंतची उंची मोजा. ती ६० भरली तर पूर्ण अर्धा. ५८ भरली तर २ सेंमी गेलेत.

सुतारपक्षी

मोजली. ५८ ला एखादा मिमी जास्त. लबाड माणूस.

काटकोन

मग ९० च्या फळीची उंची ३९.६९ मधून २ वजा, ३७.७ च्या आसपास मिळेल. खालचं गेलेलं सगळं उंचीतून जातं.

अशा तुटक्या तुकड्यात सर्वांत मोठा आयत काढायचा झाला तर तो दोनास एक राहत नाही. तुमच्या आकड्यांनी ८३.८ बाय ४०.९ च्या जवळपास येतो, क्षेत्रफळ सुमारे ३४३१. जुनीच ८४.८५ लांबी ठेवून उंचीतून २ वजा केले तर ३४३०. एका चौसेंमीसाठी कोणी नवीन रेघ मारणार नाही. पण निम्मीअधिक उंची गेलेल्या तुकड्याला r√2 लावत बसू नका, तिथे फरक डोळ्यांना दिसेल.

आता तिरक्याकडे येतो.

आयत अर्धवर्तुळात कसाही ठेवलेला आहे. केंद्र O सरळ कडेच्या मध्यावर आहे. O आयताच्या आत, म्हणजे त्याच्या पोटात, असू शकत नाही. असता तर O च्या सगळ्या बाजूंनी थोडी थोडी जागा आयताची असती, कडेच्या खालचीसुद्धा, आणि आयत अर्धवर्तुळाबाहेर गेला असता.

आता O मधून दोन रेघा काढा, एक आयताच्या लांबीला समांतर, एक रुंदीला. दोन्ही रेघा आयताच्या पोटातून गेल्या तर O आयताच्या समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्यांमध्ये सापडतो, म्हणजे पोटातच. ते तर शक्य नाही. म्हणून दोघींपैकी किमान एक रेघ आयताला कापत नाही आणि आयत पूर्णपणे तिच्या एकाच बाजूला आहे.

ती रेघ O मधून जाते, म्हणजे ती मूळ पूर्ण वर्तुळाचा एक व्यास आहे. आयत वर्तुळाच्या आत आहे आणि या व्यासाच्या एका बाजूला आहे. म्हणजे तो एका दुसऱ्या अर्धवर्तुळात बसलाय, त्रिज्या तीच, आणि त्याची बाजू या अर्धवर्तुळाच्या सरळ कडेला समांतर आहे. कागद फिरवा, आयत आडवा झाला.

पेरू_विळा

पण हे दुसरं अर्धवर्तुळ पहिल्याच्या बाहेर जातंय! तुम्ही तर जागाच बदललीत. प्लाय नाही तिथे कसं कापणार?

काटकोन

अर्धवर्तुळ बाहेर जातं, आयत जात नाही. आयत होता तिथेच आहे. मी फक्त एवढं म्हणतोय, की हा आयत अशा एका अर्धवर्तुळातही मावतो जिथे तो आडवा दिसतो. आडव्या आयताची मर्यादा r² आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून यालाही तीच मर्यादा.

मधली_सुट्टी

लेक विचारतेय, आडवा झाला हे मान्य, पण तो व्यासावर टेकलेला नसेल, वर तरंगत असेल, आणि मधोमधही नसेल. मग x² + y² = r² कसं?

काटकोन

तिला इथे आयडी काढून द्या. आयताच्या वरच्या बाजूची व्यासापासून उंची y घ्या. आयताची उंची फार तर y, तरंगत असेल तर त्याहून कमीच. O मधून उभी रेघ काढली तर वरच्या दोन कोपऱ्यांपैकी एक तरी तिच्यापासून अर्ध्या लांबीइतका किंवा जास्त दूर आहे. तो कोपरा वर्तुळात आहे, म्हणून (अर्धी लांबी)² + y² ≤ r². इथून पुढे गुणाकारांच्या दोन ओळी जशाच्या तशा. बरोबर r² यायला मधोमध असणं, टेकलेलं असणं, दोनास एक असणं, तिन्ही लागतात.

मधली_सुट्टी

तिने वहीत उतरवून घेतलं. तरी आता कंपास घेऊन तिरके आयत काढून बघतेय, विश्वास ठेवणाऱ्यातली नाही.

शॉर्टसर्किट

आमच्या धंद्यातली भर घालतो. ट्रान्सफॉर्मरची कॉइल गोल गुंडाळतात, आणि तिच्या आतला कोअर सपाट पत्र्यांचा असतो. म्हणजे गोल भोकात आयत भरायचे. एकाच रुंदीचे पत्रे घेतले तर चौरस, बाजू ०.७०७d, आणि वर्तुळाचा सुमारे ६४ टक्के भाग भरतो. तुमच्या अर्धवर्तुळातही तेच प्रमाण, 2/π. दोन रुंदीचे पत्रे वापरले की अधिक चिन्हासारखा आकार होतो, रुंदी ०.८५d आणि ०.५३d, आणि भरतं ७९ टक्क्यांच्या आसपास. कॉलेजात हे आकडे पाठ केले होते, ते कुठून आले ते इथे कळतंय.

सुतारपक्षी

थांबा, म्हणजे माझ्या तुकड्यातून दोन फळ्या काढायच्या तर आधी मोठी काढून उरलेल्यातून दुसरी काढणं चूक?

शॉर्टसर्किट

दोन्ही मिळून जास्त क्षेत्रफळ हवं असेल तर हो. एकावर एक अशा दोन फळ्या धरू, आणि पूर्ण अर्धवर्तुळ, त्रिज्या ६०. आधी सर्वांत मोठी काढली तर ३६००, आणि तिच्या डोक्यावरच्या टोपीतून फार तर सहाशेच्या आत-बाहेर. एकूण ४२०० च्या पुढे थोडं. आमच्या कोअरच्या मापाने खालची १०२ बाय ३१.५ आणि वरची ६३ बाय १९.५ घेतली तर ४४५० च्या जवळ. पहिली फळी मुद्दाम बसकी घ्यावी लागते.

गुणाकार

कोन घेऊन करून बघितलं. खालच्या फळीचा कोपरा α वर आणि वरचीचा 90° − α वर येतो, आणि tan 2α = 2. एकूण क्षेत्रफळ (√5 − 1)r², म्हणजे 1.236r². √5 इथे कुठून उगवला!

सुतारपक्षी

१९ सेंमीची फळी माझ्या काय कामाची. मला दोन सारख्या फळ्या हव्यात.

गुणाकार

सारख्या दोन एकावर एक किंवा शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही मिळून एक मोठा आयतच होतो, म्हणजे एकूण r² च्या वर नाही. शेजारी ठेवल्या तर ४२.४३ चे दोन चौरस.

पेरू_विळा

बघा, आला की नाही चौरस!

मधली_सुट्टी

लेकीचा नवा प्रश्न, मी फक्त पोस्टमन: दोन सारख्या फळ्या, पण एक आडवी आणि एक उभी, किंवा दोन्ही तिरक्या, एकमेकींना चिकटून आयत न होणाऱ्या. तेव्हा एकूण r² पेक्षा जास्त मिळेल का?

काटकोन

माझी युक्ती एका आयताला लागू होते, दोघांना एकत्र नाही. प्रत्येक फळी आपापला व्यास शोधेल आणि ते दोन व्यास वेगळे असतील. कागद कापून बघतो. मिळालं तर आकृती टाकतो.

सुतारपक्षी

बघा. मी तोवर ९० ची कापून घेतो.